मोहरीचं तेल आणि इरुसिक आम्ल: आपल्या घरचा हिशेब आपणच कसा मांडायचा

माझा भाचा नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि महिन्याभरात त्याने मला एका बाटलीचा फोटो पाठवला. पिवळं धमक मोहरीचं तेल, आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजीत सूचना: फक्त बाह्य वापरासाठी. सोबत त्याचा निरोप होता, "मामा, हे आम्ही रोज खातोय. खायचं की अंगाला चोळायचं?"

मी बरीच वर्षं तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं आहे, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. उत्तर मात्र फोनवर दोन वाक्यांत देता येईना. "काही होत नाही, खा" असं सांगणारे एका बाजूला, "विष आहे, फेकून दे" म्हणणारे दुसऱ्या बाजूला. दोघंही एक गोष्ट विचारत नाहीत: किती खातोस? मोहरीच्या तेलातलं इरुसिक नावाचं मेदाम्ल हृदयाला घातक आहे की नाही, हा सगळा वाद मात्रेचा आहे, आणि ही मात्रा घरच्या घरी, एका पेन्सिलीने काढता येते. मोहरीचं तेल नुकतंच वापरायला लागलेल्या किंवा वापरावं की नाही या विचारात असलेल्या माणसासाठी तो हिशेब इथे मांडतो आहे.

पायरी १: हातातली बाटली नेमकी कशाची आहे ते पाहा

तेल म्हणजे मेदाम्लांची मोळी. तीन मेदाम्लं एका ग्लिसरॉलला बांधलेली असतात, आणि कुठली मेदाम्लं किती यावर तेलाचा स्वभाव ठरतो. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक आम्लाची गर्दी असते. नेहमीच्या मोहरीच्या तेलात मात्र सगळ्यात मोठा वाटा इरुसिक आम्लाचा असतो, बहुतेक वेळा ४० ते ५० टक्के. ओलेइकपेक्षा त्याची कार्बनची साखळी चार दुव्यांनी लांब असते, म्हणजे १८ ऐवजी २२. पुढची सगळी गोष्ट या चार दुव्यांची आहे.

नवख्या माणसाची पहिली फसगत लेबलवर होते. पोषणमूल्यांच्या तक्त्यात "मोनोअनसॅच्युरेटेड" म्हणजे एकल-असंतृप्त मेद १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास दिसतं, आणि माणूस खूश होतो, कारण हाच मेद चांगला असं त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. इरुसिक आम्लही रासायनिकदृष्ट्या एकल-असंतृप्तच असतं, त्यामुळे तक्त्यात तेही त्याच ओळीत मोजलं जातं. कनोला तेलाच्या लेबलवरही हा आकडा ६० च्या घरात असतो, आणि तिथे जवळपास सगळं ओलेइक असतं. म्हणजे दोन बाटल्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले तर फरक कळणार नाही, आणि आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असेल.

म्हणून तक्ता सोडा आणि शब्द वाचा. "लो इरुसिक" किंवा इरुसिक आम्ल २ टक्क्यांपेक्षा कमी असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते वेगळ्या वाणाच्या बियांचं तेल आहे. तसं काहीच लिहिलेलं नसेल तर ४५ टक्के धरून चाला. उत्पादकाकडून तपासणीचा अहवाल मिळत असेल तर त्यात `C22:1` ही ओळ शोधा. तोच इरुसिक आम्लाचा आकडा.

प्रयोगशाळेत हा आकडा कसा काढतात तेही सांगून टाकतो, कारण एकदा पाहिलं की शंका राहत नाही. तेलाचे काही थेंब मिथेनॉल आणि अल्कलीबरोबर हलवले की मेदाम्लं ग्लिसरॉलपासून सुटतात आणि त्यांची मिथाइल एस्टर तयार होतात. त्यातला सुईच्या टोकाएवढा अंश गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांबलचक बारीक नळीत सोडायचा. लहान साखळ्या आधी बाहेर पडतात, लांब साखळ्या मागून येतात. कनोलाचा आलेख पाहिला तर मध्यावर ओलेइकचा डोंगर दिसतो आणि पुढे जवळपास सपाट मैदान. मोहरीच्या आलेखात ओलेइकची टेकडी बसकी असते, आणि माणूस चहा घेऊन परत येईपर्यंत उजवीकडे इरुसिकचा उंच सुळका उभा राहिलेला असतो.

"मोहरीचं इसेन्शियल ऑइल" अशा नावाची छोटी बाटली मिळते, ती स्वयंपाकघरात आणूच नका. ते खाण्याचं तेल नाही. तो मोहरीच्या झणझणीत वासाचा दाट अर्क आहे, आणि त्याने त्वचा, डोळे, घसा सगळं पोळतं.

पायरी २: तापवून इरुसिक आम्ल जात नाही, हे पक्कं करा

हा गैरसमज फार चिवट आहे. तेल धूर येईपर्यंत तापवलं की "त्यातलं वाईट निघून जातं" असं भलेभले सांगतात. धूर येताना काहीतरी जातं हे खरं, पण ते इरुसिक आम्ल नाही. नाकात झणझणतो आणि डोळ्यांत पाणी आणतो तो पदार्थ म्हणजे अलाइल आयसोथायोसायनेट. तो लहान आणि उडून जाणारा रेणू आहे. तेल तापलं की तो हवेत जातो, वास मवाळ होतो, आणि माणसाला वाटतं की तेल शुद्ध झालं.

इरुसिक आम्ल ग्लिसरॉलला बांधलेलं असतं आणि तेलातच राहतं. निम्मं तेलच जर ते असेल, तर ते उडून गेल्यावर कढईतलं तेल निम्मं व्हायला हवं, नाही का? तसं कधी होत नाही. रिफाइन केल्यानेही ते जात नाही. रिफाइनिंगमध्ये रंग, वास आणि सुटी आम्लं काढतात, मेदाम्लांची मोळी तशीच राहते. कच्च्या घाणीचं असो, लाकडी घाण्याचं असो की रिफाइंड, बी तेच असेल तर इरुसिक आम्ल साधारण तेवढंच. ते कमी करायचं तर बियाणंच बदलावं लागतं.

उलट धूर येईपर्यंत तापवण्याने तेलाचं नुकसानच होतं. मोहरीच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ गटातलं मेदाम्ल चांगल्या प्रमाणात असतं, आणि ते उष्णतेला नाजूक असतं. झणझणीतपणा कमी करायचा असेल तर धूर निघायच्या आत आच मंद करा.

पायरी ३: भीती कुठून आली ते समजून घ्या

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढच्या हिशेबातला प्रत्येक आकडा इथूनच येतो.

१९६० नंतर आणि विशेषतः १९७० च्या आसपास, जास्त इरुसिक आम्ल असलेलं रेपसीड तेल उंदरांना भरपूर खाऊ घालण्याचे प्रयोग झाले. रेपसीड म्हणजे मोहरीचीच जवळची बहीण. त्या उंदरांच्या हृदयाच्या स्नायूत मेदाचे बारीक थेंब साचलेले दिसले. कारण असं: हृदय आपली बरीचशी ऊर्जा मेद जाळून मिळवतं, आणि हे जळण पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये होतं. इरुसिकची लांब साखळी तिथे सावकाश जळते, आणि दुसऱ्या मेदाम्लांच्या जळण्यातही आडवी येते. जळायला आलेला मेद मग पेशीतच साचत जातो.

गंमत पुढे आहे. हे थेंब थोड्याच दिवसांत भराला येतात आणि नंतर तेच तेल चालू असतानाही कमी होऊ लागतात. शरीर पेरॉक्सिसोम नावाच्या दुसऱ्या यंत्रणेला कामाला लावतं. ती यंत्रणा २२ कार्बनची साखळी तोडून १८ ची करते आणि मग ती नेहमीसारखी जळते. म्हणजे शरीर जुळवून घेतं. पण जास्त मात्रेत दीर्घकाळ खाऊ घातलेल्या उंदरांच्या, त्यातही नरांच्या, हृदयात पुढे व्रणही दिसले. उंदीर हा प्राणी कुठलंही मेदयुक्त खाणं जास्त झालं तरी असे व्रण दाखवतो, त्यामुळे त्यांचा दोष एकट्या इरुसिकवर किती टाकायचा यावर अभ्यासकांचं एकमत झालं नाही. थेंब साचण्याच्या दोषाबाबत मात्र वाद नाही.

या भीतीतून एक मोठी गोष्ट घडली. कॅनडात बाल्डर स्टेफान्सन आणि कीथ डाउनी या शास्त्रज्ञांनी रेपसीडची इरुसिक आम्ल जवळपास नसलेली वाणं तयार केली, आणि १९७० च्या दशकात तिथून "कनोला" जन्माला आलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८५ मध्ये हे तेल खाण्यासाठी मान्य केलं, पण इरुसिक आम्ल २ टक्क्यांपेक्षा जास्त नको या अटीवर. नेहमीचं मोहरीचं तेल त्या अटीत बसणं शक्यच नाही, म्हणून भाच्याच्या बाटलीवर ती ओळ. युरोपात खाद्यतेलांसाठी आता मर्यादा २ टक्के आहे, मोहरीच्या तेलासाठी ५, आणि तान्ह्या बाळांच्या दूध-पावडरीतल्या मेदासाठी ०.४ टक्के. भारतात हेच तेल खाण्याचं तेल म्हणून सर्रास विकलं जातं. बाटली तीच, देश बदलला की लेबल बदलतं. यात कुणी मूर्ख नाही आणि कुणी लबाडही नाही. धोका किती गृहीत धरायचा याची पट्टी वेगळी आहे, एवढंच.

मग माणसांचं काय? मोहरीचं तेल पिढ्यान् पिढ्या खाणारे लोक आहेत, पण उंदरांमध्ये दिसला तसा हृदयाचा दोष या तेलामुळे माणसांत झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्ली आणि बंगळूरमधल्या एका अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्यांची आणि न आलेल्यांची तुलना केली, तेव्हा मोहरीचं तेल वापरणाऱ्यांमध्ये धोका कमी आढळला. तेल विकणारे हाच अभ्यास फडकावतात. पण असा अभ्यास लोकांना "तुम्ही काय खात होता" असं विचारून केलेला असतो, आणि त्यात तेलाबरोबरचं बाकीचं खाणं, राहणं सगळं मिसळलेलं असतं. त्यातून "हृदयाला बरं" असं ठामपणे निघत नाही. "हृदयाला उघड इजा दिसत नाही" एवढंच फार तर म्हणता येतं.

माणसांची आणखी एक माहिती औषधाच्या वाटेने मिळाली. अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आनुवंशिक आजारात इरुसिक आणि ओलेइक आम्लाचं मिश्रण मोठ्या मात्रेत दिलं गेलं आहे. त्या रुग्णांपैकी काहींच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या. ज्यांच्या प्लेटलेट आधीच कमी आहेत, त्यांनी हे वाक्य विसरू नये.

पायरी ४: दोन आकडे पाठ करा, ७ आणि ७००

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सगळे प्रयोग तपासून एक पातळी काढली. वाढत्या वयाच्या उंदरांना आणि नवजात डुकराच्या पिल्लांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ७०० मिलिग्रॅमपर्यंत इरुसिक आम्ल दिलं तर हृदयात थेंब साचल्याचं दिसत नव्हतं. ही झाली "इजा न दिसलेली" पातळी. मग तिला १०० ने भागलं, कारण माणूस उंदराहून वेगळा असू शकतो आणि एक माणूस दुसऱ्याहून. राहिले ७ मिलिग्रॅम. माणसाने आयुष्यभर रोज सरासरी एवढं खाल्लं तरी काळजीचं कारण नाही, असा त्याचा अर्थ.

बहुतेक लोक इथेच चुकतात. ७ च्या वर गेलं की विष, असं ते समजतात. ७ म्हणजे कड्यापासून खूप अलीकडे बांधलेलं कुंपण आहे. कडा कुठे आहे हे माणसाच्या बाबतीत कुणी मोजलेलं नाही. प्राण्यांमध्ये ७०० पर्यंत जमीन घट्ट आहे, एवढंच ठाऊक आहे. कुंपण ओलांडलं म्हणजे माणूस पडला असं होत नाही, पण आपण ओलांडून किती पुढे आलो आहोत हे कळलेलं बरं.

पायरी ५: बाटलीवर तारीख लिहा

एका वेळेला किती तेल पडलं हे चमच्याने मोजत बसू नका. दोन दिवसांत कंटाळा येतो, आणि मोजत असताना हात आपोआप आखडतो. त्यापेक्षा नवी बाटली उघडली की तिच्यावर पेनाने तारीख घाला, संपली की दुसरी तारीख. तळणीचं उरलेलं तेल टाकून देत असाल तर ते एका मापाच्या भांड्यात ओतून मोजा आणि वजा करा. घरात जास्त खाणारा कोण, कमी खाणारा कोण, याचे ढोबळ वाटे करा. मोठ्या माणसाला दोन वाटे आणि लहान मुलाला एक वाटा धरलं तर फारसं चुकत नाही.

आता एक सोपं माप. एक मिलिलिटर तेल साधारण ०.९१ ग्रॅम भरतं, आणि त्यात ४५ टक्के इरुसिक धरलं तर होतात ४१० मिलिग्रॅम. आपण सरळ ४०० धरू. म्हणजे ५ मिलिलिटरच्या एका लहान चमच्यात २००० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाचं रोजचं कुंपण ४२० मिलिग्रॅम आहे, म्हणजे जेमतेम एक मिलिलिटर तेल. मोहरीचं तेल रोजच्या स्वयंपाकाला वापरणारं कुठलंही घर या कुंपणाच्या बाहेर आहे, हे इथेच स्पष्ट होतं. प्रश्न किती बाहेर एवढाच उरतो.

भाच्याच्या घरी तीन माणसं आहेत. तो ७० किलो, त्याची बायको ५५ किलो, आणि चार वर्षांची मुलगी १६ किलो. मी त्याला बाटलीवर तारीख घालायला सांगितलं. एक लिटरची बाटली ३६ दिवस पुरली, आणि त्यातलं सुमारे १०० मिलिलिटर तळणीचं तेल त्यांनी टाकून दिलं होतं. म्हणजे पोटात गेलं ९०० मिलिलिटर, रोजचं २५. पाच वाटे केले तर एक वाटा ५ मिलिलिटरचा. दोघा मोठ्यांना प्रत्येकी १० आणि मुलीला ५.

त्याच्या वाट्याला रोज ४००० मिलिग्रॅम इरुसिक आम्ल आलं. भागिले ७०, म्हणजे किलोमागे ५७. कुंपणाच्या आठपट. ७०० पासून मात्र तो अजून बारापट अलीकडे आहे. बायकोच्याही वाट्याला तेवढंच तेल, पण वजन कमी, म्हणून किलोमागे ७३. मुलीला मिळालं २००० मिलिग्रॅम. भागिले १६, म्हणजे १२५. कुंपणाच्या जवळपास अठरापट, आणि ७०० पासून फक्त साडेपाचपट अलीकडे.

भाचा फोनवर म्हणाला, "पण ती तर आमच्या निम्मंच खाते!" हिशेबाचं मर्म इथेच आहे. मूल निम्मं खातं, पण त्याचं वजन निम्मं नसतं, चौथा हिस्सा असतं. त्यामुळे किलोमागची मात्रा घरात सगळ्यात जास्त लहान मुलाची निघते. त्यात ज्या प्राण्यांवरून ही पातळी काढली तेही वाढत्या वयाचेच होते. म्हणून मोठ्यांच्या बाबतीत मी फारसा अडून बसत नाही, पण लहान मुलांच्या बाबतीत बसतो. तान्ह्या बाळाच्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या खाण्यात नेहमीचं मोहरीचं तेल मुख्य तेल म्हणून नको, हे माझं स्पष्ट मत आहे. प्लेटलेट कमी असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनीही हा आकडा घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

पायरी ६: कमी कसं करायचं, तेही मोजून

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे अर्धं अर्धं. मोहरीचं तेल आणि दुसरं एखादं तेल समसमान मिसळायचं. मुलीचा आकडा १२५ वरून ६२ वर येतो. कमी झालं, पण कुंपणाच्या नऊपट बाहेर अजून आहेच. मोठ्यांना हे पुरेसं वाटू शकतं, मुलीला पुरणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे रोजचं तेल इरुसिक आम्ल नसलेलं वापरायचं, आणि मोहरीचं तेल फक्त चवीसाठी, वरून घालायला. आठवड्याला सगळ्या घरात मिळून एक लहान चमचा धरा. २००० मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा मुलीचा, म्हणजे आठवड्याला ४००. सात दिवसांवर विभागले तर रोजचे ५७, भागिले १६, म्हणजे किलोमागे ३.६. कुंपणाच्या आत. ७ हा आकडा आयुष्यभराच्या सरासरीचा असल्यामुळे आठवड्याची सरासरी काढलेली चालते. एका दिवशी जास्त झालं म्हणून घाबरायचं कारण नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यात पटतो, पण तो मिळण्यावर अवलंबून आहे. कमी इरुसिकचं मोहरीचं तेल. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने पुसा मस्टर्ड ३० आणि पुसा डबल झिरो मस्टर्ड ३१ अशी वाणं काढली आहेत. त्यांच्या तेलात इरुसिक आम्ल २ टक्क्यांच्या खाली असतं. असं तेल मिळालं आणि घरातला वापर तेवढाच ठेवला, तर एका मिलिलिटरमागे जास्तीत जास्त १८ मिलिग्रॅम होतात. मुलीच्या ५ मिलिलिटरचे ९०, किलोमागे ५.६. पूर्ण स्वयंपाक त्याच तेलात करूनही ती कुंपणाच्या आत राहते. २ टक्क्यांची मर्यादा कुणी हवेतून काढलेली नाही, हे असं आकडे घातले की लक्षात येतं. हेच ५ टक्क्यांवर करून पाहा, मुलगी पुन्हा बाहेर जाते.

पायरी ७: जे इरुसिक नाही, त्याचा दोष त्याला देऊ नका

१९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलाने लोक मेले, हे अनेकांच्या डोक्यात इरुसिक आम्लाशी जोडलेलं असतं. तो प्रकार वेगळा होता. त्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या, म्हणजे आर्जिमोनच्या बियांच्या तेलाची भेसळ होती. त्यातल्या सँग्विनारिनमुळे पाय सुजतात, धाप लागते आणि हृदयावर ताण येतो. या बिया मोहरीच्या बियांसारख्याच दिसतात. हा धोका पिढ्यांचा नाही, दिवसा-आठवड्यांचा आहे, आणि तो सुट्या, सील नसलेल्या तेलातून येतो. मोहरीचं तेल खाणाऱ्या घरात एकदम दोन-तीन माणसांचे पाय सुजले तर तेल लगेच बंद करा, बाटली जपून ठेवा आणि दवाखाना गाठा. इरुसिक आम्लाची बातमी वाचून रात्रभर जागणारा माणूस सुटं तेल मात्र बिनधास्त आणतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

भाच्याने शेवटी दुसरा आणि तिसरा उपाय मिळून काहीतरी केलं. मधल्या सुट्टीत तो इकडे आला होता तेव्हा कमी इरुसिकची एक बाटली घेऊन गेला. आठवड्याने परत निरोप आला: "मामा, हे तेल फसवं वाटतंय. झणका नाही, वास नाही. खरंच मोहरीचं आहे का?"

डबल झिरो म्हणजे दोन गोष्टी कमी केलेल्या असतात. एक इरुसिक आम्ल, दुसरी ग्लुकोसिनोलेट. बी चिरडलं आणि त्याला ओल लागली की ग्लुकोसिनोलेटपासूनच तो झणझणीत पदार्थ तयार होतो. म्हणून डबल झिरो तेल मवाळ लागतं. उलट एखाद्या वाणात फक्त इरुसिक कमी असेल तर झणका पूर्ण राहू शकतो. झणका आणि इरुसिक यांचा एकमेकांशी संबंध नाही. नाकाने यातलं काही कळत नाही, `C22:1` ची ओळच वाचावी लागते.

त्याने बाटली फिरवून ती ओळ शोधली. मिळाली. आणि वरून घालायला जुन्या बाटलीतला एक चमचा आठवड्याला ठेवला. "हिशेबात बसतंय का?" त्याने विचारलं. मी गुणाकार केला. मुलीचे ५.६ आणि ३.६ मिळून ९.२, म्हणजे कुंपणाच्या जरासं बाहेर. पण ५.६ हा पूर्ण २ टक्के धरून काढलेला होता, आणि त्याच्या बाटलीवर १.१ टक्के छापलेलं होतं. मग होतात ३.१ आणि ३.६. ६.७.